एक नाव कमी, एक नाव वाढ

2023 च्या भाद्रपदात आई गेली आणि दिवाळीत सुनेला मुलगी झाली. घरातली माणसं सहाची सहाच राहिली, पण रेशनकार्डाला ते पटवायला दोन अर्ज लागले.

आमचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी पाच किलो, म्हणजे सहा युनिटांचं तीस किलो धान्य. त्या वर्षाच्या जानेवारीपासून ते फुकटच मिळत होतं. शेजारचा एकजण म्हणाला, "आण्णा, म्हातारीचं नाव कशाला कमी करताय? मशिनला घरातल्या कुणाचाबी अंगठा चालतोय. पाच किलो येतंय, येऊ द्या की."

खोटं नव्हतं ते. अन्नसुरक्षा कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरतात. त्यामुळं आमच्या कार्डावर पहिलं नाव आईचं, फोटोही तिचाच. बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोसाठी रांगेत उभी राहिलेली बाई ती. गेल्यावर तिच्या नावाचं धान्य आणून आपण खायचं, हे मला काही गिळंना.

दाखल्यांपासून सुरुवात केली. जन्म असो की मृत्यू, जिथं घडला तिथंच त्याची नोंद होते. आई घरात गेली, म्हणून तिचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत. नात बार्शीच्या दवाखान्यात जन्मली, म्हणून तिचा दाखला बार्शी नगरपालिकेत. दोन्ही खबरी एकवीस दिवसांच्या आत गेल्या होत्या, त्यामुळं दाखल्यांना अडचण आली नाही. फक्त नातीच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती. जन्माची खबर दवाखान्यानं दिलेली, तेव्हा बारसं कुठं झालं होतं? बारशानंतर मुलानं नगरपालिकेत अर्ज देऊन नाव घालून घेतलं, मग त्या दाखल्यावर तिचं आधार काढलं. पाच वर्षांखालच्या लेकराचे बोटांचे ठसे घेत नाहीत. फोटो, जन्मदाखला आणि आई किंवा बापाचं आधार एवढ्यावर काम होतं.

मग तहसिलातली पुरवठा शाखा. मी एकाच कागदावर दोन्ही मागण्या लिहून नेल्या होत्या. तिथल्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "काका, हे दोन वेगळे अर्ज. नाव वाढवायला नमुना आठ, कमी करायला नमुना नऊ. आणि आजी कुटुंबप्रमुख आहेत, तर आता प्रमुख कोण, तेही लिहून द्या."

बाहेरच्या कट्ट्यावर बसून नमुना नऊ भरला. आईचं पूर्ण नाव, नातं, आणि कारणाच्या रकान्यात 'मयत'. दहावीपर्यंत शिकलो, आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले, पण त्या तीन अक्षरांना वेळ लागला. नमुना आठमध्ये नातीचं नाव लिहिताना हात आपसूक चालला. प्रमुख म्हणून घरच्यांचं नाव घातलं. फोटो मागितला तर ती म्हणाली, "आत्यांच्या जागंवर माझा फोटू? बरं दिसंल का ते?" मी म्हणालो, "सरकारनं आता तुलाच थोरली केलंय."

अर्ज घेताना बाईंनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. कमी झालेली जागा आपोआप आपल्याच घरात राहत नाही. किती माणसांना धान्य द्यायचं याचा आकडा वरून ठरलेला असतो, त्याला इष्टांक म्हणतात. त्यात जागा असेल तसं नव्या माणसाचं धान्य सुरू होतं. नाव कार्डावर चढलं म्हणजे धान्य आलंच असं नाही.

तसंच झालं. कार्डावर आईच्या नावावर तांबडी रेघ आली आणि खाली नातीचं नाव आलं. पण दुकानातल्या मशिनच्या पावतीवर पंचवीस किलोच. कार्डावरची शाई वेगळी आणि संगणकातली नोंद वेगळी. म्हणून ज्याला खरं काय ते बघायचंय त्यानं पावतीवरचे किलो बघावेत. मी दोन्ही अर्जांच्या पोचा जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन दोनदा चौकशी करून आलो. मार्चच्या पावतीवर तीस आले.

गव्हाची गोणी घरात टेकवली तेव्हा घरची म्हणाली, "हे पाच किलो आता पोरीचं बरं का." पोरगी अजून दूधच पीत होती. तिच्या वाटणीच्या गव्हाच्या चपात्या त्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, आणि त्या मला गोड लागल्या.