फॉन्ट नाही? मग लोगोतलीच अक्षरं उचला!

मराठी लोगोत एक शब्द बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "फॉन्ट कुठला आहे?" आणि हमखास उत्तर येतं, "ते ज्यानं केलं त्याला माहीत!" तर मंडळी, आज या उत्तरावरचा इलाज.

मामा गावच्या वाचनालयाचे कार्यवाह आहेत. लोगोत दोन ओळी, वर 'सार्वजनिक', खाली 'वाचनालय', दोन्ही एकाच मापाच्या. मुलांचा विभाग सुरू होणार होता, म्हणून पाटीसाठी वरचा शब्द 'बाल' करून हवा होता. लोगो करणारा माणूस गाव सोडून गेलेला, फॉन्टचं नावही कुणाला ठाऊक नाही. हातात फक्त एक SVG फाईल. पाटीवाला फाईल शुक्रवारी मागत होता.

इंकस्केपमध्ये फाईल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे शब्दावर क्लिक करून खालची पट्टी वाचणं. तिथे Text असं दिसलं तर सावध व्हा. फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल, तर इंकस्केप गुपचूप दुसराच फॉन्ट लावून दाखवतो. तेव्हा `Path > Object to Path` केलंत तर आउटलाइन होते खरी, पण त्या परक्या फॉन्टची! म्हणजे हे रूपांतर ज्याच्याकडे फॉन्ट आहे त्यानंच, त्याच्याच मशीनवर करायला हवं. आमच्या फाईलमध्ये Path दिसलं, म्हणजे त्या माणसानं ते आधीच करून ठेवलं होतं. देव त्याचं भलं करो.

आता मराठीची खास गंमत. इंग्रजी शब्दात अक्षरं सुटी असतात, `Path > Break Apart` केलं की वेगळी होतात. आपल्याकडे शिरोरेषा असते, आणि शहाणा डिझायनर अख्खा शब्द Union करून एकसंध करतो. अशा शब्दाला Break Apart केलं तर अक्षरं सुटत नाहीत, उलट 'व'चं पोट काळं भरून येतं, कारण आतलं भोक वेगळा आकार बनतं. असं दिसलं की लगेच `Ctrl+Z`.

मग अक्षर सोडवायचं कसं? कापून. शब्दाची `Ctrl+D` नं प्रत काढायची, हव्या त्या भागावर चौकोन काढायचा, दोन्ही निवडून `Path > Intersection`. चौकोनाखालचा तुकडा तेवढा उरतो.

इथे जरा डोकं लावलं तर निम्मं काम वाचतं. एकेक अक्षर कापू नका, शेजारी असलेली अक्षरं एकत्र कापा. 'वाचनालय'च्या सुरुवातीला 'वा' आयता आहे, तो अख्खा घेतला. पुढे 'नालय' मध्ये काना आणि 'ल' शेजारी आहेत, तेही एकत्र कापले. मग दुसऱ्या तुकड्यातला काना पहिल्या तुकड्यातल्या कान्यावर बरोब्बर ठेवला. झालं! काना आणि 'ल' मधलं अंतर मूळ डिझायनरनं ठरवलेलं तसंच मिळालं, अंदाजपंचे काही नाही. शिवाय शिरोरेषाही एकमेकींवर चढल्या. हे चढणं महत्त्वाचं आहे, कारण कडा नुसत्या टेकवल्या तर स्क्रीनवर आणि PDF मध्ये मध्येच पांढरी केसासारखी रेघ दिसते. मग `Path > Union`.

'वाल' तयार झालं. आता 'व'चा 'ब' करायचा, म्हणजे पोटात एक तिरकी रेघ. पेन टूलनं ती काढली, `Path > Stroke to Path` केलं आणि पुन्हा Union. रेघेची जाडी मात्र शिरोरेषेएवढी ठेवायची नाही. 'व'च्या गोलाईत जिथे सगळ्यात बारीक भाग आहे तिथलं माप घ्यायचं, आणि त्याहून किंचित कमीच. नाहीतर लोगो शिक्क्याएवढा झाला की पोट बुजतं आणि 'ब' ऐवजी डाग दिसतो. म्हणून झूम कमी करून एकदा नखाएवढा करून बघा. राहिलं 'ल'पुढे शिरोरेषेचं टोक. ते मूळ शब्दातल्या शेवटच्या 'य'पुढे जेवढं आहे तेवढंच ठेवलं.

'बाल' हा 'सार्वजनिक'पेक्षा बराच आखूड. मामा म्हणाले, "अरे, जरा ताणून रुंद कर ना." नाही! आडवं ताणलं की उभे दांडे जाड होतात आणि आडवी शिरोरेषा तशीच राहते, खालच्या ओळीशी लगेच फटकून दिसतं. Align मधून मध्यावर आणायचा आणि सोडून द्यायचा.

अर्थात हे दरवेळी जमत नाही. शब्द 'महिला' असता तर 'ह' आणायचा कुठून? 'व'चा 'ब' होतो, पण त्या लोगोतल्या कुठल्याच अक्षराचा 'ह' होत नाही. तेव्हा फॉन्ट शोधणं किंवा दोन्ही ओळी नव्या फॉन्टमध्ये करणं, एवढेच मार्ग. म्हणून फाईल उघडायच्या आधी कागदावर नवा शब्द लिहा आणि प्रत्येक अक्षर जुन्या लोगोत कुठे सापडतं ते खुणा करून बघा. दोन मिनिटांत कळतं की हे काम संध्याकाळचं आहे की आठवड्याचं.