पैसे घेताना नंबर, देताना नाव

गेली अनेक वर्षं मी तालुक्याच्या गावी लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरतो. गाव मला ‘वकील’ म्हणतं, जरी मी कोर्टात कधी उभा राहिलो नाही. परताव्यासाठी बँक खात्याची जी पडताळणी करावी लागते, तिच्याविषयी माझं एक ठाम मत होतं आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतही असे. ही पडताळणी म्हणजे गरिबाचा पैसा अडवायची सोय आहे, असं ते मत. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते का बदललं, ते लिहितो.

माझा राग वरवरचा नव्हता. बँक मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापते तेव्हा ती पॅनच्या नंबरावर कापते. त्या खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं की नाही, हे तेव्हा कुणी पाहत नाही. नंबर बरोबर असला की रक्कम सरकारकडे जमा होते आणि फॉर्म २६एएसमध्ये दिसू लागते. तोच पैसा परत द्यायची वेळ आली की मात्र नाव जुळलं पाहिजे. घेताना नंबर पुरतो आणि देताना नाव लागतं, हा कुठला न्याय, असं मी म्हणायचो. १ मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या खात्यातच थेट जमा होतो. त्याआधी चेकही यायचे. चेक घेऊन बाई शाखेत गेल्या की समोरचा कारकून त्यांना माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी ओळखायचा. थोडी विचारपूस व्हायची आणि चेक जमा व्हायचा. त्या माणुसकीची जागा एका यंत्राने घेतली, असं मला वाटायचं.

माझ्या रागाला सर्वात जास्त बळ दिलं ते एका काकूंच्या प्रकरणाने. नावं इथे बदलून सांगतो. काकूंचं बचत खातं लग्नाआधीचं, वडिलांनी काढून दिलेलं. पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘जाधव सुनीता दत्तात्रय’. पॅनही त्याच नावाने काढलेलं. आधार मात्र सासरच्या नावाने, ‘सुनीता मारुती शिंदे’. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांचं जातं आणि नवऱ्याचं येतं. म्हणजे तीन शब्दांतले दोन शब्द वेगळे. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर संगणक सांभाळून घेईलही, पण तीनातले दोन शब्द वेगळे असले तर त्याच्या लेखी ती दुसरीच बाई.

२०२३ साली पॅन आणि आधार जोडायची धावपळ झाली. नावं जुळेनात म्हणून काकूंच्या मुलाने पॅनवरचं नाव दुरुस्त करून सासरचं करून घेतलं. ते योग्यच होतं, कारण जोडणी नसती तर पॅन निष्क्रिय झालं असतं आणि निष्क्रिय पॅनवर परतावा मिळतच नाही. पण बँकेतलं नाव माहेरचंच राहिलं. तोवर पॅन आणि बँक दोन्हीकडे एकच नाव होतं, ते या दुरुस्तीनंतर वेगवेगळं झालं. आणि हे कुणाला कळलं नाही, कारण पॅनचा नंबर तोच होता.

त्या वर्षी बँकेत १५एच फॉर्म द्यायचा राहिला. दरवर्षी तो दिला की टीडीएस कापला जात नसे, म्हणून परताव्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये ठेवींवरचं व्याज झालं २,८०,००० रुपये आणि बँकेने १० टक्क्यांनी २८,००० रुपये कापले. काकूंना दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे कर शून्य आणि सगळी रक्कम परत मिळायची. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरताना पोर्टलवर त्यांचं खातं जोडलं. पडताळणी चालू असल्याचं दिसत होतं. बँकेकडून उत्तर यायला दहा-बारा कामकाजाचे दिवस लागू शकतात, म्हणून विवरणपत्र भरून टाकलं. सप्टेंबरमध्ये कलम १४३(१) ची सूचना आली. २८,००० रुपये आणि त्यावर एप्रिलपासूनचं महिना अर्धा टक्का व्याज, सहा महिन्यांचे ८४० रुपये. काकू दर दोन दिवसांनी पासबुक भरून आणायच्या. पैसे आले नाहीत. पोर्टलवर My Bank Account उघडलं तर खातं Failed या रकान्यात जाऊन बसलेलं. कारण, नाव जुळत नाही.

काकू म्हणाल्या, “वकीलसाहेब, कापून घेतले तेव्हा मीच होते ना?” या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मीही तेच विचारत होतो.

उत्तर मिळालं ते दुसऱ्याच एका माणसाच्या कामात. एका दुकानदाराने परताव्यासाठी खाते क्रमांक तोंडी सांगितला. कितीतरी वर्षांचं खातं, पाठ असल्यासारखा सांगितला. पोर्टलवर पडताळणी नापास झाली. त्यांना वाटलं बँकेने पॅन जोडलेलं नाही, म्हणून आम्ही दोघं शाखेत गेलो. तिथल्या कर्मचारी बाईंनी क्रमांक टाकून बघितला आणि पडदा जरा आपल्याकडे वळवून घेतला. म्हणाल्या, “हे खातं तुमचं नाही. दुसऱ्याचं आहे आणि चालू आहे.” सांगताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. त्याच शाखेतल्या एका अनोळखी माणसाचं जिवंत खातं ते निघालं.

त्या दिवशी मी त्या पडताळणीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. एनईएफटीने पैसे जातात ते खाते क्रमांक पाहून जातात. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच स्पष्ट केलं होतं की अशी रक्कम जमा करताना फक्त क्रमांक धरला जाईल, नाव नाही. म्हणजे आपण पाठवताना नाव काहीही लिहिलं तरी पैसा क्रमांक नेईल तिकडे जातो. शाखेतला तो ओळखीचा कारकून या वाटेवर कुठेच उभा नाही. मग क्रमांक चुकला, किंवा कुणी दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये शिरून तिथे स्वतःचं खातं घातलं, तर पैसे निघण्याआधी थांबवणार कोण? फक्त ही पडताळणी. पॅन आणि नाव बँकेला विचारून घेते ती एवढ्यासाठी.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही मला यातच मिळालं. टीडीएस चुकीच्या पॅनवर कापला गेला तर बँक आपलं टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करते आणि नोंद योग्य माणसाकडे येते, कारण तो पैसा अजून सरकारच्याच हिशेबात असतो. परतावा एकदा परक्याच्या खात्यात पडला की तो त्याने काढून घेतलेला असू शकतो, आणि मग त्याच्या मागे कोण लागणार? घेतानाची चूक दुरुस्त होते, देतानाची होईलच असं नाही. म्हणून देताना नाव बघणं बरोबर आहे. आज हे मी कुणालाही ठामपणे सांगतो, आणि काकूंनाही सांगितलं.

त्यांचं काम मात्र नुसत्या पटण्याने होणार नव्हतं. बँकेत नाव बदलायचं तर लग्नामुळे नाव बदलल्याचा पुरावा हवा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद चालते. काकूंचं लग्न त्या काळातलं, जेव्हा पत्रिका आणि फोटो हाच पुरावा असे. नोंदणी कधी केलीच नव्हती. ती उशिरानेही करता येते, तशी ग्रामपंचायतीत केली. प्रमाणपत्र, आधार आणि नवं पॅन घेऊन त्या शाखेत गेल्या. ग्राहक क्रमांक एकच असल्यामुळे बचत खातं आणि ठेवी सगळ्यांवरचं नाव एकदमच बदललं. मग पोर्टलवर Failed मधल्या त्या खात्यासमोरचं Revalidate दाबलं, पडताळणी झाल्यावर Nominate for Refund चालू केलं, आणि शेवटी Services मध्ये Refund Reissue ची विनंती टाकली.

हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात. खातं दुरुस्त झालं की पैसे आपोआप येतील असं त्यांना वाटतं. एकदा परत गेलेला परतावा पुन्हा मागावा लागतो. त्या वर्षाचं विवरणपत्र निवडायचं, पडताळणी झालेलं खातं निवडायचं आणि आधारच्या ओटीपीने सही करायची. काकूंचे पैसे आले तेव्हा थंडी पडली होती. मधल्या महिन्यांच्या व्याजाची आशा मी त्यांना दाखवली नव्हती. करदात्याकडून झालेल्या विलंबाचा काळ व्याजातून वगळायची तरतूद कायद्यातच आहे.

मत बदलल्यावर माझं कामही बदललं. पूर्वी एखाद्या अशिलाच्या मुलीचं लग्न झालं की मी सांगायचो, आता सगळीकडे सासरचं नाव लावून घे, पुढे अडचण नको. आता आधी विचारतो, “नाव बदलायचं आहे का गं?” नाव बदलावंच असा कोणताही कायदा नाही. शाळेच्या दाखल्यापासून पॅनपर्यंत एक नाव असलेल्या मुलीने ते तसंच ठेवलं तर तिचा परतावा नावामुळे अडत नाही. बदलायचंच असेल तर मन लावून आणि पुरतं बदलावं. आधी विवाह नोंदणी, मग आधार, मग पॅन, आणि लगेच बँक. हा क्रम मी लिहून देतो, कारण मध्येच थांबलेलं काम काकूंना किती महागात पडलं ते मी पाहिलं आहे.

बँकांबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. पॅनची प्रत घेऊन नंबर टिपून ठेवताना वरचं नाव आणि आपल्याकडचं नाव जुळत नाही, हे त्यांना त्याच क्षणी दिसतं. तेव्हाच खातेदाराला सांगितलं तर निम्मी प्रकरणं माझ्यापर्यंत येणारच नाहीत.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. आज घरातल्या प्रत्येक बाईचं पासबुक, पॅन आणि आधार शेजारी ठेवा आणि तिन्हींवरची नावं मोठ्याने वाचा. आईचं, सासूबाईंचं आधी. फरक दिसला तर जुलैची वाट पाहू नका, या आठवड्यातच शाखेत जा. आणि परतावा अडकलेला असताना मोबाइलवर ‘खातं पडताळा’ म्हणून लिंक आली तर तिला हात लावू नका. ही सगळी कामं incometax.gov.in वर स्वतः लॉगिन करूनच होतात.