नवी किंमत लिहिण्याऐवजी जुनी पुसावी

डेटाबेसमधली नोंद बदलली की रेडिसमध्येही तिथल्या तिथे नवी किंमत लिहून टाकावी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. की पुसली तर पुढच्या वाचणाऱ्याला डेटाबेसपर्यंत हेलपाटा पडतो, आणि नवी किंमत हाताशी असताना तो कशाला घालायचा? आता मी उलट बाजूला आहे. नोंद बदलल्यावर की पुसायची आणि तिथे काहीही लिहायचं नाही.

मत बदललं ते एका दुकानाच्या वस्तूंच्या टेबलामुळे. वाचताना आधी रेडिसमध्ये बघायचं, तिथे नसेल तर टेबलातून आणायचं आणि पाच मिनिटांच्या मुदतीने ठेवायचं:

```
SET product:4172 450 EX 300
```

दोघांनी जवळजवळ एकाच वेळी किंमत बदलली. आधी 480 कमिट झालं, पाठोपाठ 460. पण पहिल्याची रिक्वेस्ट रेडिसकडे जाताना क्षणभर रेंगाळली आणि त्याचा `SET` दुसऱ्याच्या नंतर पोचला. टेबलात 460, कॅशेमध्ये 480. लॉगमध्ये एकही एरर नाही. यादीत एक किंमत, बिलात दुसरी. `TTL product:4172` विचारलं तर उत्तर आलं `-1`, म्हणजे या कीला मुदतच नाही. किंमत बदलणाऱ्या कोडमधल्या `SET` ला `EX` नव्हतं, आणि साधा `SET` कीवरची आधीची मुदतही काढून टाकतो. ती 480 आपणहून कधीच गेली नसती.

त्या दोघांनी `DEL` केलं असतं तर कुणाचं आधी पोचलं याने काही बिघडलं नसतं. दोनदा पुसलं तरी जागा रिकामीच राहते आणि पुढचा वाचणारा 460 आणतो. मात्र `DEL` कमिटनंतरच हवं. आधी पुसलं तर मधल्या वेळात कुणीतरी जुनी नोंद वाचून पुन्हा भरून ठेवतं.

एवढं करूनही एक फट उरतेच. वाचणाऱ्याने टेबलातून 450 उचलले आणि तो अडकला. तेवढ्यात कमिट झालं, `DEL` झालं. मग त्याने सावकाश 450 ठेवले. फेसबुकच्या इंजिनिअरांनी 2013 च्या मेमकॅशवरच्या निबंधात यावर ‘लीज’चा उपाय मांडला आहे: की सापडली नाही तर वाचणाऱ्याला एक टोकन मिळतं, आणि दरम्यान की पुसली गेली तर त्या टोकनाने काही ठेवता येत नाही. आमच्या आकाराच्या दुकानाला तेवढा खटाटोप परवडत नाही. कमिटनंतर रेडिसशी संपर्क तुटला तर `DEL` पोचतच नाही, हीही शक्यता आहेच. या दोन्हींसाठी `EX 300` ठेवावंच लागतं. मुदत म्हणजे मेमरी मोकळी करायची सोय, असं मी पूर्वी समजायचो. आता चुकीची किंमत जास्तीत जास्त किती वेळ दिसलेली चालेल, हे दुकानदाराला विचारून मी ती ठरवतो. बिल करताना मात्र किंमत थेट टेबलातूनच वाचतो.