पटावरचं नाव आणि ९६ टक्के

परवा तालुक्याला एका सादरीकरणाला गेलो होतो. शाळा सोडण्याची शक्यता असलेली मुलं मशीन लर्निंगने आधीच ओळखायची, असा विषय. पडद्यावर मोठ्या अक्षरात होतं : अचूकता ९६ टक्के. टाळ्या पडल्या. निवृत्त शिक्षक असलो तरी खोड जात नाही, हात वर केला.

पहिला प्रश्न : चाचणीत मुलं किती आणि त्यातली शाळा सोडलेली किती? उत्तर आलं, १००० पैकी ५०. म्हटलं, मग मी डोळे मिटून "कोणीच सोडणार नाही" म्हणालो तरी ९५ टक्के बरोबर! तुमच्या मॉडेलने त्या ५० पैकी किती पकडली? १५. आणखी ५ जणांवर उगाच शिक्का. म्हणजे ३५ मुलं हातची गेली, तरी अचूकता ९६.

त्यांनीच मग शिक्क्याची मर्यादा खाली आणून दाखवली. आता १०० मुलांवर शिक्का, त्यातली ३५ खरी. अचूकता ९२ वर घसरली, पण ५० पैकी ३५ सापडली. चुकीच्या शिक्क्याची किंमत काय, तर गुरुजींची घरी एक फेरी. न सापडलेल्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. मग कोणता आकडा मोठा करायचा, हे गणित नाही, निर्णय आहे.

दुसरा प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. ते म्हणाले, "सर, गटवार तपासलंय. त्या मुलांमध्येही मॉडेल तितकंच चांगलं चालतं, भेदभाव नाही."

इथे मला बसून राहवेना. कारण "शाळा सोडली" हे मॉडेलला शिकवलं कशावरून? पुढच्या वर्षी पटावर नाव नाही, यावरून. आणि पटावर नाव कोण ठेवतं? आम्हीच. दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर फडावर जायची, पाडव्याच्या सुमारास परतायची, काही परतायचीच नाहीत. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, म्हणून नावं राहायची. मीही ठेवली आहेत. त्या नोंदींवरून मॉडेल हेच शिकणार, की या वस्तीतलं मूल पाच महिने गैरहजर असलं तरी काळजीचं कारण नाही. आणि परीक्षाही त्याच पटावरून घेतली, तर ते पास होणारच. गटवार तपासणीने ही चूक दिसत नाही, कारण उत्तरपत्रिकाच चुकीची आहे.

त्यांना एवढंच सुचवलं : वस्तीवरची शंभर नावं चिठ्ठ्या टाकून निवडा, जानेवारीत घरी जाऊन बघा, मूल कुठे आहे ते लिहा. मग त्या यादीवर मॉडेल तपासा.

यादी करायला मी येतो म्हणालो. माझ्याच हातची काही नावं त्यात निघतील. निघू देत.