दोन स्थळे, एक सुपारी

आपल्या तरुणपणी घरात लग्नाची मुलगी असली की एकाच वेळी चार-दोन स्थळे पाहिली जात, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. मुलाकडची मंडळीही आणखी कुठे मुलगी पाहून आलेली असत. मध्यस्थाला हे सारे ठाऊक असे, त्यामुळे दोन्ही घरांनाही ठाऊक असे. मात्र एकदा सुपारी फुटली की उरलेल्या स्थळांना निरोप जाई. त्या पद्धतीत उणिवा पुष्कळ होत्या. पण दोन गोष्टी तिने नेमक्या सांभाळल्या होत्या. लपवाछपवी नसे, आणि थांबायचे कुठे हे ठरलेले असे.

हे मला आठवले ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एक चूक करून बसल्यावर.

मी अंबाजोगाईची, निवृत्त शिक्षिका. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. उतारवयात सोबती शोधणे आता अगदीच अपूर्व राहिलेले नाही. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली त्यासाठी ज्येष्ठांचे मंडळच सुरू केले. मुलाच्या आग्रहाने मीही एका परिचय मेळाव्याला गेले. तेथे भेटलेल्या दोघांशी फोनवर बोलणे सुरू झाले. एक लातूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. दुसरे परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरी केलेले. दोघेही विधुर, दोघेही सज्जन.

दोघांशी बोलणे ही माझी चूक नव्हती. एक-दोन संभाषणांत माणूस कळत नाही, आणि घाईने एकालाच धरून बसले तर एकटेपणाच निर्णय घेऊन टाकतो. चूक ही, की मी दोघांनाही एकमेकांविषयी सांगितले नाही. ‘अजून काही ठरलेले नाही, मग सांगायचे काय?’ अशी मनाची समजूत घातली. पाच आठवडे असेच गेले. एकाचा फोन चालू असताना दुसऱ्याचा आला की छातीत धडधडे. रात्रीची झोप उणावली. मग एका संध्याकाळी मी लातूरकरांना विचारले, “गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे काय ठरले?” गुडघा परळीकरांचा होता.

क्षणभर शांतता पसरली. मी खरे ते सांगून टाकले. ते म्हणाले, “बाई, दोन स्थळे पाहण्यात गैर काही नाही. पण मी त्यांतला एक आहे, हे मला कळायला हवे होते. मी माझ्या मुलीला तुमच्याविषयी सांगून बसलो.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने मला लपवण्याची किंमत कळली. समोरचा माणूस आपल्या भरवशावर एकेक पाऊल पुढे टाकत असतो. येथे मध्यस्थ नाही, म्हणून मध्यस्थाचे काम आपणच करायचे. दुसऱ्याच दिवशी मी परळीकरांना सांगितले, “मी आणखी एका गृहस्थांशी बोलत आहे. कोणालाही शब्द दिलेला नाही. आपणही अन्यत्र बोलत असाल तर मला राग नाही.” एवढे पुरते. दुसऱ्याचे नाव, दुखणी, घरच्या गोष्टी सांगू नयेत. त्या आपल्या नसतात. खरे तर हे पहिल्या किंवा दुसऱ्या संभाषणातच सांगावे.

आता सुपारी कोणती मानायची? माझ्या अनुभवाने सांगते: एकाने मुलाबाळांची भेट ठरवली, एकत्र राहण्याचा वा पैशाअडक्याचा विषय निघाला, किंवा स्पर्शाची जवळीक आली, की त्याच्या आधी दुसरे बोलणे संपलेले असावे. आणखी एक खूण आहे. एखादी बातमी प्रथम कोणाला सांगावीशी वाटते, हे सलग काही आठवडे बदलले नाही, तर मनाने निवड केलेली असते. पुढचा उशीर केवळ संकोचाचा असतो.

दोन महिन्यांनी परळीकरांनी विचारले, “माझ्या लेकीला भेटाल का?” मी दोन दिवसांची मुदत मागितली. लातूरकरांना सकाळी, ते निवांत असताना, फोन केला आणि म्हटले, “मी एका ठिकाणी पुढे जायचे ठरवले आहे. तुमच्यात उणे काही नव्हते. आता हे बोलणे थांबवू या.” तुलना केली नाही, आणि ‘मैत्री ठेवू’ असे पोकळ आश्वासनही दिले नाही. त्यांनी निरोप घेतला; आवाज जड होता. फोन उचलणे बंद करून मला ते दुःख टाळता आले असते, पण मग त्यांनी आठवडेच्या आठवडे स्वतःतच दोष शोधला असता.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या मुलांनो, आई किंवा बाबा दोघांशी बोलत असतील तर चेष्टा करू नका, चौकशीचा ससेमिराही लावू नका. एवढेच विचारा, “दोघांनाही ठाऊक आहे ना?”

परळीकरांच्या लेकीला मी भेटले. अजून काही पक्के झालेले नाही, कदाचित होणारही नाही. पण आता फोन वाजला की छातीत धडधडत नाही.