मावेल तेवढा मैदा

माझे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहेत. तिथे नवं मशीन बसवायला इटलीहून एक तंत्रज्ञ आला होता. एका रविवारी आम्ही त्याला कॉलनीतल्या घरी जेवायला बोलावलं. बटाट्याची भाजी त्याला फार आवडली. जाताना तो म्हणाला, आमच्याकडे बटाट्याचे न्योक्की करतात, आईला विचारून कृती देतो. दोन दिवसांनी यजमानांनी डब्याच्या पिशवीतून एक कागद आणला. त्यावर आठ ओळी होत्या, सगळ्या इटालियनमध्ये आणि स्वल्पविराम किंवा पूर्णविराम एकही नाही.

मुलीने मोबाइलवर शब्दकोश उघडला. काही शब्द सरळ सापडले. अज्जुंजेरे म्हणजे घालणे, इंपास्तारे म्हणजे मळणे. काही मात्र मिळेनात, कारण ते आज्ञार्थी होते आणि शब्दकोशात मूळ रूपच असतं. आपल्याकडेही एकच बाई आधी ‘बटाटे उकडा’ लिहिते आणि खाली ‘पीठ मळणे’ लिहिते, तसंच ते होतं.

पहिली ओळ होती, ‘१ किलो पाताते लेस्साते’. पाताते म्हणजे बटाटे. लेस्साते म्हणजे उकडलेले, असं मुलीने शोधून काढलं. म्हणजे साहित्यात उकडलेले बटाटे दिले होते आणि ते कसे उकडायचे हे कुठेच नव्हतं. दुसरी ओळ ‘सालासकट’ या शब्दांनी सुरू होत होती आणि पुढे यंत्रातून काढण्याबद्दल होतं. सालासकट बटाटा यंत्रातून कसा काढणार? लिहिताना चूक झाली असेल म्हणून ते शब्द आम्ही सोडून दिले.

मैद्यापुढे फक्त दोन अक्षरं होती, क्यू आणि बी. त्यांचा अर्थ क्वांतो बास्ता, म्हणजे पुरेल तेवढं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अगं, मावेल तेवढं! कोथिंबीर वडीत बेसन घालतो तसं.” अर्थ त्यांनी अचूक सांगितला.

मी नेहमीसारखे बटाटे सोलले, फोडी केल्या आणि कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. लगदा पाणचट झाला. मैदा घालत गेले, पण गोळा हाताला चिकटतच होता. जरा मळला की पुन्हा ओला व्हायचा, पुन्हा मैदा घालावा लागायचा. एक किलो बटाट्यात साडेपाचशे ग्रॅम मैदा गेला. उकळून काढलेले न्योक्की चावताना रबर लागत होते आणि बटाट्याची चव कुठेच नव्हती. वडीत दोन चमचे बेसन जास्त पडलं तर निभावतं. इथे बटाट्यात आधीच मुरलेलं पाणी मळताना सुटत राहतं, म्हणून ‘मावेल तेवढं’ला शेवटच येत नाही.

यजमानांनी कारखान्यात त्या पाहुण्याला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ‘लेस्साते’ म्हणजे उकडलेले, पण ‘उकडा’ हे आज्ञार्थी रूपही हुबेहूब तसंच आहे. पहिल्या ओळी त्याच्या आईने फोनवर सांगितल्या होत्या. त्या अशा होत्या: एक किलो बटाटे सालासकट उकडा, मग यंत्रातून काढा. म्हणजे वजन कच्च्या बटाट्याचं, आणि ‘सालासकट’ हे उकडण्याबद्दल होतं. मैद्यापासूनचा ‘घालणे, मळणे’ हा भाग त्याने स्वतः आठवून लिहिला होता. आम्ही चूक म्हणून सोडलेल्या शब्दांतच सगळं होतं. साल असली की बटाटा पाणी ओढत नाही.

पुढच्या रविवारी मी जुने, कोरडे बटाटे निवडून आणले. नवा बटाटा कितीही चांगला दिसला तरी तो ओला असतो. सारख्या आकाराचे बटाटे अख्खे, सालासकट, साध्या पातेल्यात सुरी आरपार जाईपर्यंत उकडले. गरम असतानाच सोलले आणि लगेच पुरणयंत्रातून काढले. त्याच्याकडचं यंत्र आपल्या सोऱ्यासारखं असतं म्हणे, पण पुरणयंत्राने काम छान झालं. लगदा परातीत पसरून वाफ जाऊ दिली. मग मीठ आणि दोनशे ग्रॅम मैदा घातला, आणि गोळा होईल इतकंच हलक्या हाताने एकत्र केलं.

आता पुरे झालं हे ओळखायचं कसं, तेही त्याने सांगितलं होतं. एक तुकडा तोडून एकटाच उकळत्या पाण्यात सोडायचा. माझा पहिला तुकडा कडेने विरघळला. पन्नास ग्रॅम मैदा आणखी घातला. दुसरा तुकडा तळाशी गेला, थोड्या वेळाने वर तरंगला आणि अख्खा राहिला. मग बोटाएवढ्या वळ्या करून तुकडे कापले, काट्याच्या पाठीवरून फिरवले, आणि वर आले की झाऱ्याने काढले. कागदावर लोण्याचं माप ‘एक अक्रोड’ असं होतं. आपण लिंबाएवढी चिंच म्हणतो तसंच ते, तिथे कुणाला अडायला झालं नाही. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतले.

त्या कागदाच्या मागे मी मराठीत लिहून ठेवलं आहे: कच्चे जुने बटाटे १ किलो, सालासकट अख्खे उकडा, मैदा २५० ग्रॅमपासून, बटाटा ओला वाटला तर ३००पर्यंत. तुम्ही करणार असाल तर त्यापुढे मैदा घालू नका. तोवरही गोळा जमला नाही, तर बटाटेच ओले आहेत असं समजा.