बापाच्या हातची झोप

दीड ते अडीच वर्षांच्या अनेक मुलांना दिवसभर बापाच्या खांद्यावर बसून गावभर हिंडायला आवडते, परंतु दिवा मालवण्याची वेळ झाली की आईखेरीज कोणाचाही हात त्यांना अंगावर नको असतो. मराठी घरांत याला कौतुकाने ‘आईवेडेपणा’ आणि वैतागाने ‘हट्ट’ म्हटले जाते. बालनिद्रेचा अभ्यास करणारे मात्र याकडे सवयीची गाठ म्हणून पाहतात: डोळा लागण्याच्या क्षणी जो स्पर्श, जो वास आणि जो आवाज सोबत असतो, त्याच्याशी मूल झोपेची सांगड घालते, आणि या सांगडीला ‘निद्रा-साहचर्य’ असे म्हणता येईल. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मूल अर्धवट जागे होते. त्या वेळी चाचपणाऱ्या हाताला झोप लागताना होते तेच सापडले तर ते पुन्हा झोपते, नाही सापडले तर रडते. म्हणूनच रात्री दीड वाजता ऐकू येणारी ‘आई’ ही हाक बहुधा रात्री नऊ वाजताच ठरून गेलेली असते.

संगमनेरसारख्या साखरेच्या तालुक्यात या गाठीला आणखी एक पीळ पडतो. गळीत हंगाम, म्हणजे ऊस गाळण्याचे दिवाळीच्या आसपास सुरू होणारे महिने, पाळ्यांत चालतो, आणि दुपारी चार ते रात्री बारा या पाळीतला बाप मुलाच्या झोपेच्या वेळी घरी असूच शकत नाही. प्रस्तुत लेखकाने साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अशा पाळ्या केल्या. यंदा हंगाम सुरू झाला आणि वाऱ्यावरून मळीचा, म्हणजे साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणाऱ्या काळ्या, दाट द्रवाचा आंबूस वास आला, तेव्हा निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी एक रात्र त्याच्यापुढे पुन्हा उभी राहिली. सुटीच्या त्या रात्री त्याने वीस महिन्यांच्या मुलीला झोपवायला उचलले होते. ती धनुष्यासारखी मागे वाकली, दोन्ही तळहातांनी त्याची छाती ढकलू लागली, आणि ‘बायामाणसांचं काम आहे ते, दे तिच्याकडे’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी म्हणताच त्याने तिला देऊन टाकले. या सगळ्याला फार तर तीन मिनिटे लागली असतील.

रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन या संशोधकांनी 1964 मध्ये ग्लासगो शहरातील साठ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल दीड वर्षाचे होईपर्यंत त्याला बहुधा एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला असतो, त्यांत बाप पुष्कळदा असतो, आणि हा लळा भरवण्या-न्हाऊ घालण्याच्या तासांपेक्षा मुलाच्या हाकेला किती ओ मिळते यावर अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. संगमनेरच्या त्या खोलीत हा निष्कर्ष कोणाला ठाऊक नव्हता. तो ठाऊक असता तरी वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्यापुढे टिकला असता का, हे सांगणे कठीण आहे. पण त्या वाक्याने एका बापाला अनेक वर्षे झोपेच्या दाराबाहेर ठेवले, आणि त्याबद्दलचा राग प्रस्तुत लेखकाने अद्याप सोडलेला नाही.

तीच मुलगी आता परिचारिका आहे. तिचा मुलगा बावीस महिन्यांचा असताना तिला चार आठवड्यांनी रात्रपाळी सुरू होणार होती आणि मूल तोवर केवळ तिच्या अंगावर दूध पिता पिताच झोपत होते. जावयाने पहिल्याच रात्री तिची जागा घेण्याचा प्रयत्न केला नाही, हे त्याचे शहाणपण होय. पहिला आठवडा त्याने संध्याकाळची आंघोळ, अंग पुसणे आणि कपडे घालणे एवढेच हाती घेतले, तेही आई समोर असताना, कारण मुलाने नव्या हाताला आधी उजेडात, भूक आणि झोप दोन्ही चढण्यापूर्वी ओळखणे आवश्यक असते. दुसऱ्या आठवड्यात खरी कळीची अदलाबदल झाली: अंगावर पाजणे बंद न करता ते सर्वांत शेवटून सर्वांत आधी आणले गेले, दिवा चालू ठेवून आणि बैठकीच्या खोलीत, जेणेकरून दूध आणि डोळा लागणे यांच्यात आंघोळ, चित्रांचे पुस्तक आणि अंथरूण एवढे अंतर पडले. दुपारची झोप चारच्या पुढे जाऊ दिली नाही, कारण उशिरा उठलेल्या मुलाला नऊ वाजता झोप येत नाही आणि त्याचे खापर नाहक बापावर फुटते.

तिसऱ्या आठवड्यात आई खोलीबाहेर गेली, मात्र मुलाचा डोळा चुकवून नाही. ती त्याला सांगून, पापा घेऊन गेली. नजर चुकवून जाणारी आई मुलाला पहारा करायला शिकवते आणि मग ते डोळे मिटायलाच घाबरते. अर्थातच ते रडले, पहिल्या रात्री जवळजवळ चाळीस मिनिटे, आणि या चाळीस मिनिटांत बाप कोठेही गेला नाही. रडण्याचे दोन प्रकार ओळखावे लागतात: निषेधाच्या रडण्यात मध्ये विसावे असतात, मूल दाराकडे पाहते, मग बापाकडे पाहते, आणि काही वेळाने पाठीवरचा हात चालवून घेते, भीतीच्या रडण्यात अंग ताठ राहते, श्वास जुळत नाही आणि स्पर्शाने ते वाढतच जाते. दुसरा प्रकार दिसला, किंवा ताप असेल, दाढा येत असतील, तर एक पायरी मागे जाणे हेच योग्य. पहिल्या प्रकारात मात्र अर्ध्या तासाने आईने धावत येणे सर्वांत घातक ठरते, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की अर्धा तास रडावे लागते.

जावयाने पत्नीची अंगाई उसनी घेतली नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे. त्याने नाशिक रस्त्याने घरापर्यंत येताना लागणारी गावे एका संथ सुरात, रोज त्याच क्रमाने म्हणायला सुरुवात केली. आईची नक्कल मुलाला आईची उणीवच जाणवून देते, तर वेगळा सूर ही बापाच्या झोपेची वेगळी खूण बनते. आईच्या जुन्या साडीची गोधडी तेवढी अंथरुणात राहिली. ब्रिटिश बालवैद्य आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट याने अशा वस्तूला ‘संक्रमण-वस्तू’, म्हणजे आईपासून जगाकडे जाताना मूल सोबत घेते ती वस्तू, असे म्हटले होते. पाचव्या रात्री रडणे दहा मिनिटांवर आले, आठव्या रात्री पुन्हा वाढले, आणि चौथ्या आठवड्यात त्याची जागा कुरकुरीने घेतली.

त्या रात्रींमध्ये प्रस्तुत लेखकाचे लक्ष खोलीतील बापापेक्षा ओसरीवर बसलेल्या आजीकडे अधिक गेले. आतल्या प्रत्येक हाकेला तिचा हात मांडीवर आपोआप थोपटू लागे. तीन मिनिटांत परत आलेले मूल घेऊन हंगामामागून हंगाम एकटीने जागलेली ती हीच बाई होती, आणि तिची झोप किती वर्षे अपुरी राहिली याची विचारपूस त्या घरात कोणी केली नव्हती, लेखकानेही नाही.

रात्रपाळीच्या पहिल्या दिवशी मुलाने दोनदा आई मागितली आणि सव्वानऊला ते झोपले. दीड वाजता ते उठले तेव्हा बापाने दिवा न लावता तीच गावे म्हटली. पाळीत काम करणाऱ्या ज्या बापांच्या घरी असे मूल आहे त्यांनी गळीत थांबताच संध्याकाळच्या आंघोळीपासून सुरुवात करावी, आणि दाराबाहेरच्या वडीलधाऱ्यांनी तेवढा अर्धा तास ‘दे तिच्याकडे’ म्हणू नये.